'नोटीस न देता पळणारी पिढी' वाचून

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला 'नोटीस न देता पळणारी पिढी' हा लेख वाचला. लेखकमहाशयांना नोटीस पुरी न करता नोकरी सोडणाऱ्या तरुणांच्या बेशिस्तीची फार काळजी वाटते. वाटू द्या. पण 'करार केला आहे तर पैसे भरा, विषय संपला' या त्यांच्या वाक्यावर मला बोलायचे आहे, कारण माझी सगळी नोकरी पगारपत्रके करण्यात गेली आणि विषय कुठे संपतो हे मला ठाऊक आहे.

माझ्या सुनेचेच उदाहरण घ्या. दोन वर्षांपूर्वी तिने पुण्यातल्या एका कंपनीतली सहा वर्षांची नोकरी सोडली. नोटीस पीरियड ९० दिवसांचा. नव्या ठिकाणी थांबायला तयार नव्हते म्हणून तिने ३० दिवस काम केले आणि उरलेल्या ६० दिवसांचे पैसे कापून घ्या असे स्वतःच लिहून दिले. पळाली बिळाली नाही. लॅपटॉप, ओळखपत्र सगळे परत केले.

महिनाभराने फुल अँड फायनल हिशोबाचा कागद आला. तिचा एकूण पगार महिना ६०,००० आणि त्यात बेसिक २४,०००. नेमणूकपत्रात स्पष्ट छापले होते की कमी पडलेल्या नोटिशीची भरपाई बेसिकवर होईल. म्हणजे दोन महिन्यांचे ४८,०००. कंपनीने कापले एकूण पगारावर, १,२०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २१,६००. झाले १,४१,६००. शेवटच्या महिन्याचा पगार ६०,००० त्यात गेलाच, आणि तो पुरेना म्हणून ग्रॅच्युइटीचे ८३,०७७ रुपयेही वळते करून घेतले. सहा वर्षांच्या नोकरीनंतर पोरीच्या हाती उरले १,४७७ रुपये. वर एचआरच्या बाईंची मेल : 'काही शंका असल्यास जरूर कळवा.' किती ती नम्रता!

शंका मीच कळवल्या. बेसिकचे कलम नेमणूकपत्रातच होते, त्यावर वाद घालायला त्यांना जागा नव्हती. जीएसटीचे म्हणाल तर ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने सांगून टाकले आहे की नोटिशीपोटी कापलेली रक्कम ही कुठल्या सेवेचा मोबदला नाही, तिच्यावर कर लागत नाही. आणि ग्रॅच्युइटीला हात लावायला तेव्हाच्या १९७२ च्या कायद्यात मुभा होती ती कामगाराला नुकसान किंवा गैरवर्तनापायी नोकरीवरून काढले तर. राजीनामा देणाऱ्याची ग्रॅच्युइटी नोटिशीत वळती करता येत नाही. मेलला उत्तर नाही. मग कामगार आयुक्तालयात ग्रॅच्युइटीसाठी अर्ज केला, तिथून कंपनीला नोटीस गेली, आणि सुनावणीची तारीख लागायच्या आतच पैसे जमा झाले. बेसिकचा फरक आणि जीएसटीही त्याच हप्त्यात 'नजरचुकीने' म्हणून परत आला. नजर नेमकी एकाच बाजूला कशी चुकते, हे लेखकमहाशयांनी पुढच्या लेखात सांगावे.

नोटीस देऊ नये असे माझे म्हणणे नाही. चालू कामात अचानक माणूस गेला की मागे राहिलेल्यांचे काय हाल होतात ते मी स्वतः भोगले आहे. पण १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ वाचा. करारात लिहिलेला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा आहे. त्याच्या आत जी वाजवी ठरेल तेवढीच मिळते. सुनेच्या जागेवर कंपनीने ती जायच्या आधीच माणूस बसवला होता, तिनेच त्याला काम शिकवले. मग १,२०,००० ची भरपाई कशाची? हा प्रश्न विचारायला कोर्टात जावे लागते आणि ६०,००० पगाराचा माणूस त्यासाठी जात नाही. रिलीव्हिंग लेटर अडकेल या धास्तीने गप्प बसतो. कंपन्यांचे गणित त्यावरच तर चालते.

गंमत म्हणजे तुमच्याच अंकात, लेखाच्या मागच्या पानावर, नोकरीच्या जाहिराती आहेत. त्यांतल्या निम्म्यांत 'तात्काळ रुजू होणाऱ्यांस प्राधान्य'. आपल्याकडून जाणाऱ्याने ९० दिवस थांबायचे आणि दुसऱ्याकडून येणाऱ्याने उद्या सकाळी हजर व्हायचे! यांना माणसे मिळतात ती कुणाची तरी नोटीस मोडूनच ना?

जाता जाता : निवृत्तिवेतनावरचे माझे मागचे पत्र तुम्ही छापलेत, आभार. पण आकडे कापून नुसती तक्रार ठेवलीत, त्यामुळे मी विनाकारण कुरकुरणारा म्हातारा ठरलो. या वेळी जागा कमी पडली तर पहिला परिच्छेद काढा, आकडे काढू नका. सुनेची आताची नोकरी आहे, तेव्हा माझे नावही छापू नये.

– एक निवृत्त लेखापाल, पुणे