सूचना : कैरो सहल रमजानमध्ये, जेवणाच्या वेळा बदलल्या

जळगावहून निघणाऱ्या सर्व सभासदांसाठी.

आपली सहल मार्चच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ऐन रमजानमध्ये आहे. तिथे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, त्यामुळे दिवस उलटा मांडला आहे. गिझाचे पिरॅमिड या महिन्यात लवकर बंद होतात, म्हणून नाश्ता सातला उरकून आठला गेटवर. दुपारी साधी खानावळ उघडी मिळणे कठीण, जेवण हॉटेलातच दीडला. वाटेत भूक लागली तर दशमी आणि शेंगदाण्याची चटणी जवळ ठेवा, पण खायचे ते गाडीत बसून. रोजा धरलेल्यांसमोर रस्त्यावर पाणीही पिऊ नये.

खरी अडचण साडेचार ते साडेसहाची. इफ्तारसाठी सगळे घराकडे धावतात, रस्ते तुंबतात. सूर्यास्तानंतर तासभर टॅक्सीही सापडत नाही. चारला हॉटेलात परत या, उशीर झाला तर गाडी थांबणार नाही!

साडेसातला कोशरी खाऊ (भात, मसूर, मॅकरोनी, शाकाहारी आहे), मग खान-अल-खलिली बाजार. तो रात्रीच खरा रंगतो. बीपी-शुगरवाल्यांनी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना आधीच विचारून घ्याव्यात.