'रीझन इज बिकॉज' हे चूक की फाफटपसारा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्याच्या इंग्रजी सदरात एका वाचकाने तपासायला पाठवलेलं वाक्य होतं: 'द रीझन ही डिड नॉट रिझाइन इज बिकॉज हिज ब्रदर वॉज द मॅनेजर.' सदरलेखकांनी ते 'व्याकरणदृष्ट्या अशुद्ध' ठरवलं आणि 'द रीझन' व 'इज' गाळून ते दुरुस्त करून दिलं. मला निकाल आणि दुरुस्ती, दोन्ही पटत नाहीत.

'इज'नंतर नामाचं काम करणारं उपवाक्य हवं आणि 'बिकॉज'ने सुरू होणारं उपवाक्य क्रियाविशेषणाचं असतं, हा त्यांचा आधार. पण मग 'धिस इज बिकॉज ही वॉज इल' हे वाक्यही चुकायला हवं. ते कोणी चूक म्हणत नाही, सदरलेखकही म्हणणार नाहीत. शिवाय 'रीझन इज बिकॉज' ही रचना इंग्रजीत काही शतकं जुनी आहे. इंग्रजी भाषावापराचे कोशकार फाउलर यांनी 1926 च्या आपल्या ग्रंथात तिच्यावर आक्षेप घेतला. मेरियम-वेबस्टरच्या 1989 च्या वापरकोशाने मात्र तिची बाजू घेतली.

द्विरुक्तीचा आक्षेप मात्र खरा आहे. 'रीझन'मध्येच कारण आलेलं असताना 'बिकॉज' ते पुन्हा सांगतं. बोलताना हे सहज होतं, विशेषतः 'रीझन' आणि 'इज' यांच्यामध्ये लांबलचक मजकूर आला की. लिहिताना मात्र ते खटकतं. 'द रीझन व्हाय ... इज बिकॉज' म्हणजे तर एकाच कारणाची तिसरी हजेरी!

आता दुरुस्ती. 'द रीझन' आणि 'इज' गाळल्यावर उरतं: 'ही डिड नॉट रिझाइन बिकॉज हिज ब्रदर वॉज द मॅनेजर.' याचे दोन अर्थ निघतात. एक, भाऊ मॅनेजर होता म्हणून त्याने राजीनामा दिला नाही. दुसरा, राजीनामा दिला, पण भाऊ मॅनेजर होता म्हणून नव्हे. मूळ वाक्यात ही संदिग्धता नव्हती. ती दुरुस्तीने आणली. वाक्यात 'नॉट' असेल तर 'द रीझन' तसंच ठेवून 'बिकॉज'च्या जागी 'दॅट' घालावं, अर्थ जसाच्या तसा राहतो. नकार नसेल तर 'द रीझन' आणि 'इज' खुशाल गाळा.

'बिकॉज ऑफ' असेल तर 'दॅट'ही चालत नाही, कारण पुढे वाक्य नसून नाम असतं. 'द रीझन फॉर हिज अ‍ॅब्सेन्स इज बिकॉज ऑफ फीव्हर' यातलं 'बिकॉज ऑफ' काढून 'इज फीव्हर' एवढंच लिहावं.

स्पर्धा परीक्षांच्या 'चूक शोधा' प्रश्नांत उत्तर 'दॅट'च धरलं जातं, तेव्हा मुलांनी तिथे 'बिकॉज'वर खूण करावी हे बरोबरच. पण हे सदर कात्रणं काढून वहीत चिकटवणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी 'दॅट'ची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा