अविश्वास नेमका कधी अन्यायाचा ठरतो?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. ‘प्रत्येकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा, तर तपास हवाच कशाला?’ असा लेखकाचा सवाल आहे. पण पीडितांच्या बाजूने बोलणारे लोक डोळे झाकून विश्वास ठेवा, असं म्हणतच नाहीत. तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये अविश्वासातून होणाऱ्या अन्यायाची मांडणी केली. ऐकणाऱ्याच्या मनातल्या पूर्वग्रहामुळे बोलणाऱ्याच्या शब्दाचं वजन कमी होतं, तेव्हाच त्या त्याला अन्याय म्हणतात. निव्वळ शंका घेणं त्यात येत नाही. हा फरक एका प्रकरणात फार ठळकपणे दिसतो, कारण तिथे एकाच साक्षीदारावर दोनदा अविश्वास दाखवला गेला.

२२ एप्रिल १९९३ च्या रात्री लंडनच्या एल्टम भागात बसची वाट पाहणाऱ्या स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकलं. हल्ला काही सेकंदांतच आटोपला. सोबत असलेला त्याचा मित्र ड्वेन ब्रुक्स बचावला. हल्लेखोर गोरे होते, त्यांनी वर्णद्वेषी शिवी दिली, ते कोणत्या रस्त्याने पळाले, हे सगळं सांगू शकणारा माणूस पोलिसांसमोर उभा होता. मित्र रस्त्यावर रक्तबंबाळ पडलेला, रुग्णवाहिका येत नाही, म्हणून तो ओरडत होता. कोणीही ओरडलं असतं. पोलिसांना मात्र तो आक्रमक वाटला. दोन टोळक्यांत मारामारी झाली असेल, या अंगाने चौकशी सुरू झाली आणि त्याने सांगितलेल्या माहितीचा पाठपुरावा नीट झालाच नाही.

सर विल्यम मॅक्फर्सन यांच्या चौकशी समितीचा अहवाल फेब्रुवारी १९९९ मध्ये आला. त्यात या वागणुकीचं कारण स्पष्ट दिलं आहे: ब्रुक्सला चिडखोर, उद्धट कृष्णवर्णीय तरुणाच्या ठरीव साच्यात बसवण्यात आलं, त्याच्याकडून मदत मिळेल अशी अपेक्षाच ठेवली गेली नाही. यातली मेख अशी, की आपलं कोणी ऐकत नाही हे दिसल्यावर माणूस आणखी चिडतो आणि ती चीडच त्याच्यावर विश्वास न ठेवण्याचं कारण बनते. शांतपणे बोलला असता, तर कदाचित ‘एवढं घडूनही हा इतका शांत कसा?’ असंही कोणी विचारलं असतं. (हा माझा तर्क, अहवालाचा नव्हे.)

आता दुसरा अविश्वास. १९९६ मध्ये लॉरेन्स कुटुंबाने स्वतः चालवलेल्या खासगी खटल्यात ब्रुक्सने संशयितांना ओळखलं होतं. न्यायाधीशांनी ही ओळख भरवशाची नाही म्हणून ज्यूरीपुढे जाऊ दिली नाही, आणि खटला कोसळला. कुटुंबावर हा मोठाच आघात होता. तरीही दोन्ही अविश्वास एकाच मापाने मोजू नयेत. रात्रीच्या वेळी, जीव मुठीत धरून, काही क्षण दिसलेला अनोळखी चेहरा ओळखण्यात भलेभले प्रामाणिक साक्षीदारही चुकतात. गोऱ्या, सुशिक्षित साक्षीदाराबाबतही हीच शंका रास्त ठरली असती. शिवाय ती शंका साक्ष तपासून घेतली गेली आणि तिचा संबंध ओळखीच्या एका मुद्द्यापुरता होता. हल्ला झाला की नाही, हल्लेखोर गोरे होते की नव्हते, यावर ती नव्हती. पहिल्या रात्री मात्र काहीही तपासण्याआधीच अख्खा माणूस बाद केला गेला.

म्हणून लेखकाला सुचवावंसं वाटतं की, शंका आल्यावर ऐकणाऱ्याने काय केलं ते पाहावं. रास्त शंकेतून आणखी प्रश्न निघतात: किती अंतरावरून पाहिलं, उजेड किती होता, आणखी कोणी होतं का? पूर्वग्रहातून आलेल्या शंकेने प्रश्नच थांबतात. त्याची किंमत ऐकणाऱ्यालाही मोजावी लागते. दुसऱ्याच दिवसापासून पोलिसांपर्यंत संशयितांची नावं येऊ लागली होती, तरी पहिली अटक ७ मे रोजी झाली. दोघांना शिक्षा व्हायला जानेवारी २०१२ उजाडला, तीही कपड्यांवरच्या सूक्ष्म पुराव्याच्या नव्या तपासणीमुळे.

मॅक्फर्सन यांची एक शिफारस या वादात विशेष उपयोगी आहे. पीडिताला किंवा इतर कोणालाही जी घटना वर्णद्वेषी वाटते, तिची नोंद आणि तपास वर्णद्वेषी घटना म्हणूनच व्हावा, असं त्यांनी सुचवलं. त्या वेळी यावर बरीच टीका झाली, जणू तक्रारदाराच्या शब्दावरच आरोपीला गुन्हेगार ठरवायचं आहे. पण शिफारस तपास कुठून सुरू करायचा एवढंच सांगते. गुन्हा सिद्ध करायला लागणारा पुरावा तिने तसूभरही कमी केलेला नाही.

आपला,
एक नियमित वाचक