मन्या, पैसे आले ना, मग आता हे वाच

दादर, २ सप्टेंबर २०२५

प्रिय मन्या,

फोनवर तू इतका उड्या मारत होतास की हे सांगायचं राहूनच गेलं, म्हणून लिहितोय. जुलैत रमीच्या अ‍ॅपमधून तू २०.४० लाख काढलेस, त्यात तुझे स्वतःचे ४० हजार होते, म्हणजे निव्वळ जिंकलेले २० लाख. त्यावर अ‍ॅपने ३० टक्के, म्हणजे ६ लाख टीडीएस कापला आणि खात्यात १४.४० लाख आले. तू म्हणालास टॅक्स भरून झाला, मोकळा झालो. नाही रे बाबा.

टॅक्स ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे ६,२४,०००. सेस टीडीएसमध्ये धरलेला नसतो, तेव्हा २४ हजार तुलाच भरायचे. आणि खरी मेख पुढे आहे. तुझा पगार ११ लाख, १२ लाखांपर्यंत सूट म्हणून कंपनी काहीच कापत नाही, पण ती सूट एकूण उत्पन्न बघून मिळते आणि तुझं एकूण आता ३० लाखांच्या वर गेलंय. मग पगारातून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन वजा करून उरलेल्या १०.२५ लाखांवर ४४,२०० द्यावे लागणार. दोन्ही मिळून ६८,२००. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये जाऊन १५ सप्टेंबरच्या आत अ‍ॅडव्हान्स टॅक्स म्हणून भरून टाक, नाहीतर व्याज लागतं. रिटर्न आयटीआर-२ भर, आणि त्याआधी ६ लाख २६एएसमध्ये दिसतायत का ते बघ.

बाकीचे पैसे एकाच बँकेत ठेवू नकोस, विमा एका बँकेत एका माणसाला व्याजासकट ५ लाखांचाच असतो. २०१९ला पीएमसी बँकेच्या दारात लागलेल्या रांगा आठवतात ना, सुरुवातीला हजार रुपयेच काढू देत होते. म्हणून निदान तीन बँकांत एफडी कर. आईच्या नावाने केलीस तर व्याज तिचं धरलं जातं, बायकोच्या, म्हणजे स्वातीच्या नावाने केलीस तर फिरून तुझ्याच उत्पन्नात येतं.

स्वातीला आजच सांग, आणि १४.४० लाख नाही, तर त्यातून ६८ हजार बाजूला काढून जे उरतात तो आकडा सांग. गौरीला जमलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर सांगायची मात्र काही गरज नाही, तुझ्या मोठ्या काकांना रूमच्या डिपॉझिटसाठी पैसे हवेतच असतात :)

आणि तो टेलिग्रामवर आलेला लिंकवाला. ऑगस्टमध्ये नवा कायदा आला आणि इथल्या अ‍ॅप्सनी पैशाचे गेम बंद केले, आता बाहेरचे लोक बोलावतायत. तिथे डिपॉझिट कंपनीच्या नावावर जात नाही, कुठल्यातरी परक्या माणसाच्या यूपीआयवर जातं, आणि पैसे परत आले तरी तशाच खात्यातून येतात. तो माणूस सायबरच्या केसमध्ये निघाला की तुझंही खातं फ्रीज, आणि पगार त्याच खात्यात येतो. शिवाय तिथे ५ लाख हरलास तरी या २० लाखांवरचा टॅक्स एक रुपयाने कमी होत नाही, हार वजाच होत नाही. ग्रुप सोड आणि स्क्रीनशॉट पाठव मला.

चलन भरताना अडलास तर शनिवारी विसर्जनाच्या आधी ये घरी, लॅपटॉप घेऊन ये, माझा हँग होतोय.

तुझा,
पक्या