विंग विकली

बडोदा, 29 जून 2025

प्रिय विन्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालायच्या असतील तर पत्र संपल्यावर घाल. माझी शुगर ठीक आहे, आईचा गुडघा जैसे थे.

तुलाच लिहितोय, कारण घरी खरं सांगितलं तर सरूचा पहिला प्रश्न असेल, "पुन्हा तेच?" आणि तेच आहे, ऑप्शनमध्ये पैसे घालवले.

मेच्या मध्यापासून निफ्टी 24,500 ते 25,200 मध्ये घुटमळत होता. खाली गेला की कोणीतरी उचलायचं, वर गेला की ढकलायचं. मी 19 जूनला, निफ्टी 24,800 च्या आसपास असताना, 26 तारखेच्या एक्स्पायरीचे दोन्ही बाजूंचे स्प्रेड विकले. वर 25,200 चा कॉल विकून 25,300 चा घेतला, खाली 24,400 चा पुट विकून 24,300 चा घेतला. दोन्ही मिळून 38 पॉइंट हातात आले. विकलेल्या आणि घेतलेल्या स्ट्राइकमधलं अंतर 100, म्हणजे जास्तीत जास्त तोटा 62 पॉइंट. लॉट 75 चा होता, तेव्हा एका लॉटमागे 4,650 रुपये. मी चार लॉट घेतले. "तोटा बांधलेला आहे" म्हटलं की माझा हात सैल होतो, तुला माहीत आहे. स्कूटर घेतानाही तू हेच म्हणाला होतास. (अजूनही सांगतो, त्या स्कूटरचा ब्रेक तूच बिघडवला होतास.)

मंगळवारी इराण-इस्रायल युद्धबंदीच्या बातमीवर बाजार उसळून उघडला आणि 25,300 ओलांडून गेला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण दुपारपर्यंत हवा गेली, बंद झाला 25,044 ला. मी दांडिया बाजारात जाऊन शेव-उसळ खाल्ली आणि बाळ्याला ऐकवलं, "रेषा म्हणजे रेषा." खरं तर तिथेच फसलो. एका खोट्या फुटीने मला शिकवलं की पुढचीही खोटीच निघेल.

बुधवारी सव्वातीनला निफ्टी 25,240 च्या पुढे. बंदही 25,244 ला. आता हे नीट वाच. त्या वेळी 25,200 चा कॉल साधारण 90 ला होता, 25,300 चा 41 ला. म्हणजे स्प्रेड 49 ला परत घेता आला असता. पुट तर मातीमोल झाले होते. मला मिळाले होते 38, तोटा 11 पॉइंट, चार लॉटचा 3,300. सरूला कळलंही नसतं.

पण एक दिवस उरलेला असतो तेव्हा विकलेल्या स्ट्राइकच्या आसपास स्प्रेडची किंमत तागडीसारखी डोलते. शंभर पॉइंट वर गेलं तर ती 100, शंभर खाली गेलं तर शून्य. आठवडाभर जी चाल पाच-दहा पॉइंटांची वाटते, तीच शेवटच्या दिवशी सगळं गिळते. विकलेल्या ऑप्शनची किंमत झिजवणाऱ्या ज्या काळामुळे आपण रोज कमावतो, त्याच काळामुळे शेवटी हे होतं. सात दिवस आधी तीच फूट झाली असती तर वळायला वेळ होता.

आणि मी काय केलं? कुंपण म्हणून घेतलेला 25,300 चा कॉल, म्हणजे विंग, 37 ला घेतला होता, तो 45 ला दिसला. वाटलं, एका लॉटचा तरी नफा खिशात टाकू, उद्या परत खाली येईलच. विकला. त्याच क्षणी त्या लॉटचं मार्जिन कित्येक पटींनी वाढलं. स्क्रीन ओरडून सांगत होती, मी शहाणा कानाडोळा केला.

गुरुवारी निफ्टी 25,549 ला बंद.

चार लॉटचा बांधलेला तोटा 18,600. तो मी आधीच गिळला होता. पण 45 ला विकलेली विंग शेवटी 249 ची झाली. 204 पॉइंट गुणिले 75, म्हणजे 15,300. एका लॉटचं कुंपण काढलं, आणि चारही लॉटचं मिळून जेवढं होणार होतं, जवळजवळ तेवढंच पुन्हा गेलं. एकूण 33,900, दलाली वेगळी.

तू मागे म्हणाला होतास, "घेतलेला कॉल नफ्यात दिसतो म्हणजे विकलेला तोट्यात आहे, मूर्खा." मी त्यावर तीन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो.

आता ठरवलंय: दिवसाचा बंद माझ्या विकलेल्या स्ट्राइकच्या पलीकडे गेला की सकाळची वाट न पाहता विकलेला आणि घेतलेला, दोन्ही पाय एकत्र काढायचे. सव्वातीनलाच बघायचं, कारण बंद झाल्यावर काढता येत नाही. किती दिवस टिकेल, देव जाणे.

परवा रथयात्रा होती, पाऊस असूनही गर्दी. तुझ्या नाशिकच्या बदलीचं झालं का? मुलीच्या दहावीचा निकालही विचारायचा राहिला, वाईट वाटून घेऊ नकोस.

सरूला फोनवर काही बोलू नकोस. 33,900 चा आकडा मी तिला अजून 3,300 म्हणूनच सांगितलाय.

तुझा,
दिल्या