मूळ शेवटपर्यंत कापू नकोस

प्रिय छोटे,

बोटाला बांधलेल्या पट्टीचा फोटो आईने पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘एका कांद्याने केलं.’ हसलो, पण मग आठवलं, इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझा अंगठा असाच गेला होता. अख्खा कांदा आडवा ठेवून मधोमध सुरी मारली, कांदा गोलच तो, फिरला. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय. तू डावरी आहेस, तेव्हा सगळं तुझ्या हाताने सांगतो.

बोर्डाखाली ओलं फडकं पसर, म्हणजे बोर्ड सरकणार नाही. कांद्याला दोन टोकं असतात. एकाला बारीक मुळ्यांचा झुपका, दुसरा शेंडा. शेंड्याकडून बोटभर जाडीचा तुकडा उडव. मुळाला हात लावू नकोस. आता त्या सपाट कापावर कांदा उभा कर, मूळ वर, आणि मुळाच्या मधून सरळ खाली काप. दोन अर्धुकं होतील आणि प्रत्येकाकडे अर्धं मूळ राहील. साल आता काढ. अर्ध्याची साल अख्ख्यापेक्षा लवकर निघते. सालीखालचा पापुद्रा चिवट वाटला तर तोही फेकून दे.

मुळावर एवढा जोर का देतोय? कांद्याचे सगळे पापुद्रे तिथेच एकत्र जोडलेले असतात. ते आधी कापलंस की पापुद्रे सुटे होतात, एकमेकांवरून घसरतात आणि तू ते गोळा करत बसतेस. वेळ तिथेच जातो. हात भराभर चालवून काही होत नाही.

एक अर्धुक पालथं घाल, सपाट बाजू बोर्डाला टेकलेली, मूळ तुझ्यापासून लांब. सुरीचं टोक मुळाच्या अलीकडे बोटभर अंतरावर टेकव, खाली दाब आणि स्वतःकडे ओढून घे. अशा उभ्या चिरा अर्ध्या सेंटिमीटरवर देत जा. कडेच्या चिरा देताना पातं थोडं आत, मध्याकडे कलतं धर, नाहीतर कडेला लांबट पट्ट्या पडतात. काही जण यानंतर सुरी आडवी धरून कांद्यात घालतात. तू ते करू नकोस. पातं सरळ तळहाताकडे येतं, आणि पापुद्र्यांनी ते काम आधीच केलेलं असतं.

मग अर्धुक पाव वळसा फिरव, मूळ उजवीकडे येऊ दे, उजव्या हाताखाली. आता डावीकडून, शेंड्याच्या बाजूने, आडवे काप घ्यायचे. चौकोनी तुकडे आपोआप गळून पडतील.

आता उजव्या हाताचं बघ, कारण तुझं बोट इथेच सापडलं असणार. बोटं आत वळव, नखं स्वतःकडे, अंगठा त्यांच्या मागे लपलेला. पुढे येतं ते मधल्या बोटाचं पेर. पात्याची सपाट बाजू त्या पेराला टेकूनच वरखाली होऊ दे आणि धार पेराच्या वर कधी उचलू नकोस. किती जाड कापायचं हेही पेरच ठरवतं: ते जेवढं मागे सरेल तेवढा काप. पहिल्या दिवशी हात अवघडतो, तसाच अवघडू दे. सुरी धरताना मुठीच्या पुढे, पातं जिथे सुरू होतं तिथे, अंगठा आणि तर्जनीने चिमटीत पकड. नुसती मूठ धरली की पातं डुलतं.

शेवटी मुळाजवळ उंच, डगमगता तुकडा उरेल. मला अजूनही तिथेच घाई होते. तो आडवा पाड, रुंद बाजू खाली, आणि जमेल तेवढा काप. मुळाचा गड्डा फेकून दे.

आणि ती सुरी बोथट असणार, पैज लावतो. कांद्याच्या सालीवर हलकेच ओढून बघ. घसरली तर बोथट. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोरात असतानाच ती सटकते. शिवाय ती कांदा कापण्याऐवजी चेंगरते. बोर्डावर पाणी साचलं की समजायचं. चेंगरलेल्या कांद्यातून डोळ्यांना झोंबणारा वायू जास्त सुटतो. म्हणजे तू रडलीस आणि बोट कापून घेतलंस, दोन्ही त्याच सुरीमुळे. बाबांना धार लावून आणायला सांग. तोवर कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव, थोडा कमी झोंबेल. डोळे भरून आले तर आधी सुरी खाली ठेव, मग पूस, आणि कांद्याच्या हाताने नको.

पट्टी निघेपर्यंत एकही कांदा नको. निघाली की पहिला कांदा सावकाश काप आणि मूळ उरलेल्या त्या गड्ड्याचा फोटो मला पाठव. बघून सांगतो कुठे चुकलं.

आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
दादा