घर्षण काम करत नाही, तरी पिरियड वाढतो

प्रिय सच्या,

तुझा मेसेज वाचला, आणि हे दोन ओळींत मावणारं नाही म्हणून पत्रच लिहितोय. तुझं म्हणणं असं की स्प्रिंगला जोडलेला सिलिंडर न घसरता मागेपुढे गडगडतो तेव्हा घर्षण काहीच काम करत नाही, मग एका झोक्याला लागणारा वेळ, म्हणजे पिरियड, नुसत्या सरकण्यापेक्षा वाढतो कसा? प्रश्न एकदम बरोबर जागी आहे.

आकडे घेऊनच बघू. 2 किलोचा भरीव सिलिंडर, त्याच्या आसाला आडवी स्प्रिंग, k = 300 N/m, दुसरं टोक भिंतीला. तो गुळगुळीत टेबलावर न फिरता नुसता सरकला असता तर T = 2π√(M/k), म्हणजे साधारण 0.51 सेकंद. गडगडताना मात्र केंद्राचा वेग v असेल तर फिरण्याचा वेग v/R, आणि I = ½MR², म्हणून फिरण्यात आणखी ¼Mv² एनर्जी जाते, R कटूनच जातो, सिलिंडर जाडा असो की बारीक काही फरक पडत नाही. एकूण ¾Mv² + ½kx² कायम राहते, डेरिव्हेटिव्ह घेतलं की:

(3/2)Ma + kx = 0
T = 2π√(3M/2k)

आकडे घातले की 0.63 सेकंद. म्हणजे एनर्जी कुठे गेली नाही, स्प्रिंगला तेवढ्याच ताकदीत सरकवायचंही आहे आणि फिरवायचंही आहे, जणू वस्तुमान दीडपट झालंय.

आता घर्षणाकडे ये, खरी मजा तिथेच आहे. सिलिंडर उजवीकडे x ने ओढलाय, स्प्रिंग आसाला डावीकडे खेचते, घर्षण नसतं तर खालचा भागही तसाच डावीकडे सरकला असता, म्हणून घर्षण उजवीकडे लागतं. Ma = −kx + f आणि टॉर्कवरून f = −½Ma, दोन्ही मिळून f = kx/3. स्प्रिंगच्या ओढीचा तिसरा हिस्सा घर्षण अडवतं आणि तेच सिलिंडरला फिरवतं! सरकण्यातून जेवढी एनर्जी काढतं तेवढीच फिरण्यात घालतं, म्हणून त्याचं एकूण काम शून्य.

मधोमध x शून्य तेव्हा घर्षणही शून्य, आणि सगळ्यात जास्त टोकाला, जिथे वेग शून्य असतो. पोरं नेमकी इथेच गोंधळतात, त्यांना वाटतं घसरेल तर जोरात असताना घसरेल. न घसरण्यासाठी टोकालाही, म्हणजे x = A असताना, kA/3 ≤ μMg हवं, घर्षणांक μ = 0.3 धरला तर A जास्तीत जास्त साधारण 5.9 सेंटीमीटर. त्याहून जास्त ओढून सोडलास तर टोकाजवळ घसरेल, उष्णतेत एनर्जी जाईल, झोका पटकन लहान होईल आणि मर्यादेखाली आला की पुन्हा नीट गडगडेल.

वर्गात करून बघायचं असेल तर स्प्रिंग ना ताणलेली ना दाबलेली असताना सिलिंडरच्या कडेवर अगदी वर खडूची खूण कर. मधून जाताना दर वेळी खूण वरच आली तर घसरत नाहीये, जराशी जरी बाजूला गेली तर कमी ओढून सोड.

तुझा,
नित्या